बारा टक्क्यांचं कर्ज आम्हाला किती टक्क्यांना पडत होतं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. दिवाळीच्या आधी सूत भरायला दहा लाख हवे होते. बँकेचं मंजुरीपत्र आलं: दहा लाख, मुदत एक वर्ष, व्याज बारा टक्के. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, दर पसंत पडला. मी दुसरं पान उलटलं. तिथे दोन अटी होत्या. वर्षाचं व्याज पहिल्याच दिवशी कापून घेणार, आणि कर्जाच्या पंधरा टक्के रक्कम चालू खात्यात कायम ठेवायची, तिच्यावर व्याज नाही.

हिशेबाच्या वहीत मी लिहिलं: दहा लाखांतून व्याज गेलं 1,20,000, अडकून पडले 1,50,000. सूतवाल्याला द्यायला हातात उरले 7,30,000.

अण्णा म्हणाले, "अगं, ते दीड लाख आपलेच आहेत की. वर्षाने मिळतीलच."

"मिळतील अण्णा, पण त्यांचंही बारा टक्के व्याज आपण भरतोय, आणि वर्षभर वापरता येत नाहीत."

मग वर्षअखेरचा हिशेब मांडला. फेडायचे दहा लाख, त्यातले दीड लाख खात्यात पडलेले, म्हणजे खिशातून जाणार साडेआठ लाख. वापरायला मिळाले 7,30,000 आणि परत केले 8,50,000. वरचे 1,20,000 भागिले 7,30,000, म्हणजे 16.44 टक्के. व्याजाचा आकडा तोच राहिला, पण भागायचं होतं ते हातात आलेल्या पैशाने. शंभरातून बारा आणि पंधरा वजा करून उरलेल्या त्र्याहत्तरने बाराला भागलं, तरी हेच उत्तर येतं.

"मग 2,70,000 कमी पडतात ना, तेवढे वाढवून मागू," अण्णा म्हणाले. मलाही आधी तेच वाटलं होतं. पण 12,70,000 मागितले तर व्याज आणि अडकणारी रक्कम वाढलेल्या आकड्यावर कापली जाते. त्याचे त्र्याहत्तर टक्के होतात 9,27,100, म्हणजे सूतवाल्याचे 72,900 तरी राहतातच. दहा लाख पूर्ण हातात यायला दहा लाखांना 0.73 ने भागावं लागतं. उत्तर 13,69,863. तारणही तेवढं जास्त. हा आकडा पाहून अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. मॅनेजर साहेबांना विचारलं, "आमच्या चालू खात्यात एरवीही साठ-एक हजार असतातच, ते या दीड लाखात धरणार का?" हे विचारणं फार गरजेचं होतं. ते धरले तर नव्याने अडकणार फक्त नव्वद हजार, वापरायला उरणार 7,90,000 आणि खर्च येणार 15.19 टक्क्यांवर. पण धरायचं कसं, यात खरी गोम आहे. आमच्या खात्यात सरासरी साठ हजार असतात, पण कामगारांचा आठवड्याचा पगार काढला की शिल्लक बारा हजारांवर येते. बँकेने महिन्याची सरासरी धरली तर आमचा फायदा होता. साहेब म्हणाले, "सरासरी नाही, दीड लाखांवर लिअन लागेल." म्हणजे ते पैसे गोठणार, आणि पगारासाठीचे साठ हजार आम्हाला वेगळेच ठेवावे लागणार. ही सवलत आमच्यासाठी नव्हतीच.

मी आणखी एक विचारलं: दिवाळीचा माल विकून सहा महिन्यांत फेडलं तर कापलेलं व्याज परत मिळेल का? "नाही." मग तेच 1,20,000 आम्ही सहा महिन्यांच्या वापरासाठी दिले असते. वर्षाच्या हिशेबाने ते जवळपास तेहेतीस टक्के. आमच्या धंद्यात दिवाळीनंतर पैसा मोकळा होतो, त्यामुळे मला ही अट सगळ्यात जाचक वाटली.

मी म्हटलं, "चालू खात्याऐवजी त्या दीड लाखांची एफडी करून लिअन लावा." साडेसहा टक्क्यांनी तिचं व्याज 9,750 मिळालं असतं, खर्च 15.10 टक्क्यांवर आला असता. साहेब तयार झाले, पण व्याज आगाऊच कापणार म्हणाले.

दुसऱ्या एका बँकेचा कॅश क्रेडिटचा देकार होता: चौदा टक्के, व्याज दरमहा, काही अडकवून ठेवायचं नाही. दरमहा व्याजामुळे तो वर्षाला 14.93 टक्के पडतो. प्रोसेसिंग फी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती धरली नाही. नुसत्या दराने पाहिलं तर एफडीच्या देकाराशी फरक थोडासाच, पण कॅश क्रेडिटमध्ये वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच व्याज लागतं.

अण्णांनी वही पुन्हा पाहिली, 7,30,000 च्या आकड्याखाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, "चौदावाल्यांचे कागद काढ." दहा लाखांचं लिमिट मंजूर झालं आणि सूतवाल्याला पूर्ण रक्कम एका चेकने दिली.