सीसीमधलं तिसरं नाव

आज ऑफिसमधला एक जुना ईमेल-संवाद वरपासून खालपर्यंत वाचून काढला. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. "अगं, तो तक्ता पाठव ना", "दुपारी बघते" अशी एकेका ओळीची उत्तरं. मग त्याने साहेबांना सीसीमध्ये घेतलं आणि पुढच्याच मेलपासून "अगं" गायब! "आपण ठरवल्याप्रमाणे मंगळवारपर्यंत तक्ता अपेक्षित होता." ठरलं काय होतं ते मला ठाऊकच होतं. ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच, वाचणाऱ्या तिसऱ्यासाठी होतं. शिवाय खाली जोडलेला सगळा जुना मजकूरही साहेबांकडे गेला, आमच्या थट्टेसकट. कुणाला जोडण्याआधी खालचा मजकूर वाचावा, नको तो काढावा, आणि "यांना सीसीमध्ये घेतोय, कारण..." एवढं तरी लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

वगळणं मात्र कळतच नाही. आमच्यात नंतर आलेली एक सहकारी चौथ्या-पाचव्या मेलनंतर दिसेनाशी झाली. कुणीतरी 'रिप्लाय ऑल'ऐवजी नुसतं 'रिप्लाय' केलं असेल, किंवा मुद्दाम नाव खोडलं असेल. तिच्या बाजूने दोन्ही अगदी सारखंच दिसतं. नाव काढलं की तिला सूचना जात नाही, फक्त मेल यायचे थांबतात. तिला वाटत राहिलं की विषय थंडावलाय. इकडे तिच्याच कामाची तारीख बदलली होती.

संध्याकाळी तिला सगळा संवाद फॉरवर्ड केला, बाकीच्यांना सीसीत ठेवून.