आवाहन, आकडे आणि मसुदा: एका अनुदान प्रस्तावावर अभिप्राय देताना

अनुदानाचे प्रस्ताव वाचून अभिप्राय देण्याचं काम मी बरीच वर्षं करते. अधूनमधून ओळखीची माणसंही विचारतात. माझ्या एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा निरोप आला तो असा: "ताई, प्रस्ताव जवळजवळ तयार आहे. आमच्याकडे जुन्या मुलाखतींच्या कॅसेट आहेत, त्या डिजिटल करून लोकांना ऐकायला खुल्या करायच्या. कुठे कमी पडतोय ते सांगाल का?" सोबत आठ-दहा ओळींचं वर्णन होतं. अनुदान कोण देतंय, किती मिळू शकतं, काय चालतं आणि काय चालत नाही, यातलं काहीच नव्हतं. प्रस्तावही जोडलेला नव्हता.

कल्पना खरोखर चांगली होती आणि तेवढं मी लगेच कळवलं. पण अभिप्राय मात्र थांबवला. अशा वेळी अनुभवाच्या जोरावर काहीतरी सांगण्याचा मोह होतो: गरज अजून ठसठशीत मांडा, लाभार्थींचा आकडा द्या, शाश्वततेवर परिच्छेद घाला. ऐकायला सगळं बरोबरच वाटतं. समजा, त्या आवाहनात, म्हणजे अनुदान देणाऱ्याने अर्ज मागवताना काढलेल्या दस्तऐवजात, गरजेला १०० पैकी २० गुण आहेत आणि पानांची मर्यादा आहे. मी गरज वाढवायला सांगितली तर ती जागा करण्यासाठी कार्यपद्धतीची दोन पानं कापेल, म्हणजे जिथे ३० गुण आहेत तीच. माझ्या चांगल्या हेतूच्या सल्ल्याने तिचं नुकसान झालं असतं, आणि ते आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नसतं.

म्हणून पहिली मागणी केली ती आवाहनाच्या मूळ दस्तऐवजाची. तिने स्वतः काढलेला सारांश पाठवला. सारांश नीट केला होता, तरी मी मूळच मागितलं; सोबत प्रश्नोत्तरं, नंतर निघालेलं शुद्धिपत्रक आणि बजेटचा कोरा नमुनाही. सारांशात "उपकरणांना परवानगी आहे" एवढंच होतं. मूळात पुढे लिहिलं होतं की उपकरणांच्या खरेदीचा खर्च एकूण मागणीच्या १५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि साठवणुकीच्या डिस्कसुद्धा उपकरणांतच धरल्या जातील. अर्ज करणाऱ्याच्या डोक्यात आपला प्रकल्प असतो. त्यामुळे सारांशात परवानग्या उतरतात आणि अटी गळतात. यात हलगर्जी नसते, वाचणारा आशेने वाचत असतो.

आवाहन हातात आलं की मी प्रकल्पाचा विचार बाजूला ठेवते आणि त्यातून फक्त दोन गोष्टी काढते. पहिली म्हणजे अर्ज परीक्षकापर्यंत पोहोचण्याआधीच बाद करणाऱ्या अटी: संस्थेची पात्रता, कमाल रक्कम, खर्चाच्या मर्यादा, कालावधी, सक्तीची जोडपत्रं. दुसरी म्हणजे गुणांचा तक्ता. इथे गरजेला २०, कार्यपद्धतीला ३०, लोकांपर्यंत पोहोचण्याला २०, प्रकल्पानंतरच्या देखभालीला २० आणि टीमला १० गुण होते. दुसऱ्या आवाहनाचा अनुभव इथे चालत नाही. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन अनुदान कार्यक्रमात नेहमीच्या संशोधन प्रस्तावांना तीन निकषांवर प्रत्येकी ५ पैकी गुण देतात. प्रत्येकात किमान ३ आणि एकूण किमान १० मिळावे लागतात. तिथे एक बाजू फार भक्कम असून भागत नाही, एकही बाजू पडता कामा नये. शिवाय पानांची मर्यादा ओलांडली तर मर्यादेपलीकडची पानं परीक्षकाला दिसतच नाहीत. असल्या गोष्टी माहीत नसताना "शेवटचा भाग छान झालाय" असं म्हणण्याला काय अर्थ आहे?

दुसरी मागणी बजेटची. इथे ती अडखळली. आकडे अजून पक्के नव्हते आणि पगार बाहेरच्या माणसाला दाखवायचे नव्हते. ही अडचण खरी असते, म्हणून मी तिला सांगितलं की रकमा देऊ नकोस, एकूण मागणी १०० धर आणि प्रत्येक बाबीचा वाटा कळव. नावं काढून टाक. पण कामाचे महिने, तास आणि वस्तूंची संख्या मात्र हवी. तिने पाठवलं ते असं: तंत्रज्ञ ३०, उपकरणं २२, डिस्क ३, श्रवण कार्यक्रम आणि प्रशिक्षण १८, संकेतस्थळ १२, प्रवास ५, ओव्हरहेड, म्हणजे संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च, १०. तंत्रज्ञ अर्धवेळ, १२ महिने. कॅसेट १,२००, प्रत्येकी साधारण तासाभराची.

मसुद्याआधी बजेट वाचायचं, हा माझा आग्रह आहे. मसुदा चांगला लिहिलेला असला की मन त्याच्या बाजूने झुकतं आणि मग आकडे आपण सांभाळून घेतो. नुसते आकडे असे वश करत नाहीत.

उपकरणं २२ आणि डिस्क ३, मिळून २५. मर्यादा १५ ची. ओव्हरहेडचा घोळ याहून बारीक होता. तिने १०० चे १० टक्के म्हणून १० लावले होते. आवाहनात मात्र "प्रत्यक्ष खर्चाच्या कमाल १० टक्के" असं होतं. तिचा प्रत्यक्ष खर्च ९०, म्हणजे ओव्हरहेड ९ पर्यंतच. टक्केवारी कशाची, हे दर वेळी तपासावं लागतं. होरायझन युरोपच्याच नेहमीच्या हिशोबात अप्रत्यक्ष खर्चाला प्रत्यक्ष खर्चाच्या सरसकट २५ टक्के मिळतात, पण बाहेरून करून घेतलेल्या कामाचा खर्च त्यातून आधी वगळतात. एका आवाहनाची सवय दुसरीकडे चालवली की अशा चुका होतात, आणि प्राथमिक छाननीत त्या पहिल्यांदा सापडतात.

खरी अडचण तासांत होती. कॅसेट डिजिटल करायची तर ती तिच्याच वेगाने वाजवावी लागते. तासाची कॅसेट तास घेतेच. १,२०० कॅसेट म्हणजे नुसतं वाजवणंच १,२०० तास. त्याआधी कॅसेट तपासायची, गरज पडली तर नव्या कवचात घालायची, कॅसेट वाजवायच्या डेकचं हेड साफ करून त्याचा कोन जुळवायचा. नंतर फाइल ऐकून पाहायची, नाव द्यायचं, कोण बोलतंय आणि कशाबद्दल ते नोंदवायचं. एका कॅसेटमागे अडीच तास धरले तरी ३,००० तास होतात. अर्धवेळ माणसाचे महिन्याला सुमारे ८० तास, वर्षाचे ९६०. दोन डेक एकाच वेळी चालवले तर वाजवण्याचा वेळ वाचतो, पण दोन्हींकडे एका माणसाचं सारखं लक्ष राहत नाही, आणि नोंदी करण्याचा वेळ तर कमी होतच नाही. हे काम जाणणारा परीक्षक हा भागाकार पहिल्या वाचनातच करतो. त्याच्या लेखी मग "१,२०० मुलाखती खुल्या होतील" या वाक्याची किंमत उरत नाही, आणि बाकीच्या आश्वासनांवरही तो शंका घेऊ लागतो.

मी हा हिशोब तिच्यासमोर फोनवर मांडला. तिचं म्हणणं होतं, "संख्या कमी केली तर प्रकल्प छोटा दिसेल, ताई." मी तिला गुणांचा तक्ता पुन्हा वाचायला लावला. संख्येला वेगळे गुण कुठेच नव्हते.

मग आम्ही वाटे पुन्हा मांडले. सगळी उपकरणं विकत न घेता काही भाड्याने घ्यायची ठरली: खरेदी १२, भाडं ४, डिस्क ३. खरेदी आणि डिस्क मिळून बरोबर १५. ओव्हरहेड ९. सुटलेले ७ तंत्रज्ञाकडे, म्हणजे ३० चे ३७ झाले. तेवढ्यात साधारण १,१८० तास मिळतात आणि त्यात थोडी सवड ठेवून ४५० कॅसेट होतात. डिस्कचा प्रश्नही हलका झाला. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशी फाइल तासाला सुमारे २ जीबी घेते. १,२०० तासांना अडीच टीबीच्या आसपास जागा लागली असती. ४५० तास एक टीबीच्या आत बसतात, त्यामुळे त्याच पैशांत तीन प्रती ठेवता येतात. देखभालीच्या २० गुणांसाठी ती तिसरी प्रत महत्त्वाची होती.

मसुदा मी सगळ्यात शेवटी उघडला, गुणांचा तक्ता शेजारी ठेवून. दहा पानांपैकी सहा पानं मुलाखतींच्या महत्त्वावर होती आणि ती मनापासून लिहिलेली होती. प्रकल्प संपल्यावर संकेतस्थळ कोण चालवणार, याच्या चार ओळी होत्या. मुलाखत देणाऱ्यांच्या परवानगीबद्दल एकही ओळ नव्हती. आवाहनात कार्यपद्धतीच्या निकषाखाली हक्क आणि संमती यांचा स्पष्ट उल्लेख होता. जुन्या काळी माणसं घरात बसून मोकळेपणाने बोलली; ते जगाला ऐकवायला त्यांनी होकार दिला होता असं धरता येत नाही. ४५० कुठल्या, या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडलं: ज्यांची लेखी संमती आहे किंवा ज्यांच्या वारसांकडून ती घेता येईल अशा मुलाखती, आणि त्यातही आधी ज्यांच्या कॅसेट खराब होत चालल्या आहेत त्या. निवडीला कारण मिळालं आणि छोटी संख्या लंगडी वाटेनाशी झाली.

अभिप्राय लिहिताना मी क्रम पाळला. आधी अर्ज बाद करू शकेल ते, मग गुण घालवणारं, शेवटी भाषा. तिला भाषेबद्दल ऐकायची फार उत्सुकता होती, पण ते मी जवळजवळ सोडून दिलं. सहा पानांची दोन होणार असतील तर त्यातली वाक्यं आज कशाला दुरुस्त करायची?

एक शंका आम्हा दोघींनाही सोडवता येईना: भाडं उपकरणांत मोडतं की सेवांमध्ये? मर्यादा खरेदीवर आहे हे स्पष्ट होतं, भाड्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. अशा ठिकाणी अभिप्राय देणाऱ्याने आपला अंदाज सांगू नये असं मला वाटतं. तिने अनुदान देणाऱ्यांच्या चौकशीच्या पत्त्यावर विचारलं. उत्तर आलं की भाडं सेवांमध्ये धरता येईल, पण पुरवठादाराचं दरपत्रक जोडावं लागेल. तिने दरपत्रक मागवलं, संमतीच्या स्थितीचा कॅसेटवार तक्ता केला आणि दोन्ही जोडपत्रांत घातली. दुसऱ्या वाचनासाठी माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये या वेळी आवाहन पहिलं होतं, त्यामागे बजेट आणि त्यामागे आठ पानांचा मसुदा. मी बेरजा पुन्हा तपासल्या, देखभालीच्या भागात तिसरी प्रत कुठे राहणार ते लिहायला सांगितलं, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी तिने अर्ज भरला.