फीडबॅक कार्डं आणि पहाटेचं गार पाणी

महाबळेश्वरला एका तीन मजली हॉटेलात फ्रंट ऑफिस बघतो. दर महिन्याच्या सुरुवातीला मागच्या महिन्याची सगळी फीडबॅक कार्डं, गूगल रिव्ह्यू आणि चेकआउटला लोक तोंडी बोलतात त्याचं रजिस्टर घेऊन बसायचं हे काम माझ्याकडे आलं. स्टारची सरासरी काढून काहीच कळत नाही हे पहिल्यांदाच लक्षात आलं, कारण चार स्टार देणारा माणूसच खाली बारीक अक्षरात खरी तक्रार लिहून जातो. म्हणून एक्सेलमधे एका तक्रारीला एक ओळ, त्यात तारीख, रूम नंबर, किती वाजताची गोष्ट आणि गेस्टचे शब्द जसेच्या तसे. एका कार्डात तीन तक्रारी असतील तर तीन ओळी.

डिसेंबरच्या कार्डांत "गीझर बंद", "पाणी कोमट", "आंघोळ न करताच निघालो" असं वेगवेगळं लिहिलेलं होतं, आणि आमच्याकडे तर रूममधे गीझरच नाहीत, गच्चीवरच्या टाकीतून सगळीकडे गरम पाणी जातं. हाउसकीपिंगवाले म्हणायचे, अहो आम्ही चेक केलं, पाणी कडक येतंय. ते चेक करायचे दुपारी बारा वाजता! शीट रूम नंबरने सॉर्ट केली तर जवळपास सगळ्या ओळी टाकीपासून लांबच्या टोकाच्या रूम, आणि वेळ पहाटे साडेपाच-सहा, म्हणजे विल्सन पॉइंटला सूर्योदय बघायला निघणारे लोक.

मग मेंटेनन्सच्या दादांना घेऊन पहाटे टोकाच्या रूममधे नळ सोडून उभे राहिलो, हातात थर्मामीटर. पाणी गरम व्हायला सात मिनिटं. लाइनमधलं गार झालेलं पाणी फिरवून टाकीत परत नेणारा जो पंप आहे, त्याचा टायमर सकाळी सातचा होता, वीज वाचावी म्हणून कोणीतरी लावलेला. तो साडेचारला आणला. मीटिंगमधे "मेंटेनन्स बघेल" असं न लिहिता दादांचं नाव, तारीख आणि तपासायचं कसं ते लिहिलं: पहाटे साडेपाचला टोकाच्या रूममधे एका मिनिटात 40 डिग्री.

जानेवारीत दोन रूमच्या तक्रारी तरीही आल्या, दोन्ही एकाच उभ्या पाइपवरच्या. म्हणजे टायमरचा प्रश्न सुटला होता, हे वेगळंच काहीतरी होतं. त्या पाइपमधलं पाणी टाकीत परत नेणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद सापडला.

फेब्रुवारीत एकही नाही, पण तेव्हा गर्दीही कमी, त्यामुळे मी नुसता आकडा धरत नाही, दर शंभर भरलेल्या रूम-रात्रींमागे किती तक्रारी हे काढतो. पाण्याची ओळ अजून शीटमधे उघडीच ठेवलीय, मे महिन्याच्या गर्दीत टिकलं तरच बंद करणार.