तुम्ही विचारलंत म्हणून: पाचवा महिना, जिम आणि ताट

"मी आधीपासूनच नियमित व्यायाम करते, आता पाचवा महिना लागलाय. दोन जिवांचं म्हणून नक्की किती वाढवायचं? आणि गोळ्या, प्रोटीन पावडर, मोड आलेली कडधान्यं यांचं काय?"

वाढवायचं आहे ते एका जास्तीच्या जेवणाइतकंही नाही. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत गरोदरपणासाठी रोज ३५० किलोकॅलरी जास्त धरल्या आहेत. म्हणजे एक ज्वारीची भाकरी, एक वाटी घट्ट वरण आणि एक पेला दूध. यातून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनंही मिळतात. या महिन्यांत ती रोज साधारण साडेनऊ ग्रॅम जास्त लागतात, तेवढी सहज भागतात. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र २२ ग्रॅम जास्त लागतात, तेव्हा डाळ, अंडं किंवा पनीर आणखी वाढवावं लागतं.

व्यायामाचा हिशोब दोनदा होतो, चूक तिथे होते. साठ किलोच्या बाईने पाऊण तास भरभर चाललं, तर नुसतं बसून राहण्यापेक्षा साधारण दीडशे किलोकॅलरी जास्त खर्च होतात. पण हा व्यायाम जुनाच असेल आणि वजन आधी स्थिर असेल, तर त्याचं खाणं तुमच्या ताटात आधीपासून आहेच. ते पुन्हा वाढवू नका. उलट मळमळीमुळे जेवण कमी झालं आणि व्यायाम तसाच राहिला, तर तूट पडते. ती वजनकाट्यावर दिसते. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन बघा. आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असेल, तर आता आठवड्याला ४०० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. दोन-तीन आठवडे काटा हललाच नाही, तर खाणं वाढवा आणि डॉक्टरांना सांगा. एकदम वजन वाढलं आणि सोबत चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, डोकेदुखी असेल, तर तो जेवणाचा प्रश्न नाही. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

सकाळी रिकाम्या पोटी व्यायाम करायची सवय आता सोडावी लागेल, याबाबत मी अजिबात सैल नाही. गरोदरपणात उपाशी राहिलं की रक्तातली साखर लवकर खाली येते, आणि रात्रीच्या जेवणापासून सकाळपर्यंत दहा तास तरी होतातच. अर्धा-पाऊण तास आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि थोडं दूध घ्या. हात थरथरले, थंड घाम आला, तर लगेच बसा आणि साखरपाणी प्या. 'हा सेट संपवून मग' असं नको.

गोळ्यांमध्ये घोळ होतो तो वेळांचा. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतात. आठवणीने होतं म्हणून अनेकजणी लोह-कॅल्शियम एकत्रच, तेही दुधासोबत घेतात, आणि कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. चहाचंही तेच. म्हणून कॅल्शियमची एक गोळी न्याहारीसोबत आणि दुसरी दुपारच्या जेवणासोबत घ्या. लोहाची गोळी रात्री, जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. झोपतानाचं दूध संध्याकाळी पाचला सरकवा. शौचाला काळं होईल, ते लोहामुळे. हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्रा डॉक्टर बदलतील, वेळांचा नियम तोच राहील.

साधी व्हे पावडर म्हणजे दुधातलंच प्रथिन, त्यामुळे जेवणातून कमी पडत असेल तर एक चमचा चालतो. डब्याची मागची बाजू मात्र वाचा. अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क किंवा कॅफीन असेल तर तो डबा बाजूला ठेवा. व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पेयं बंदच करा. दिवसभरात चहा-कॉफी धरून कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि या उत्तेजक पेयांतल्या काहींच्या पावडरीच्या एका स्कूपमध्येच तेवढं असतं. पावडरीत जीवनसत्त्व 'अ' घातलेलं असेल आणि तुम्ही मल्टिव्हिटॅमिनही घेत असाल, तर दोन्ही लेबलं डॉक्टरांना दाखवा. रेटिनॉल रूपातलं 'अ' जास्त झालं तर बाळाला घातक ठरू शकतं.

आता मटकी. कच्चे मोड पौष्टिक म्हणून कोशिंबिरीत जातात, पण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच साल्मोनेलासारख्या जंतूंना मानवते. ते बियांच्या सालीच्या फटींत असतात, त्यामुळे कितीही धुतलं तरी जात नाहीत. मोड वाफ धरेपर्यंत शिजवा, दाताखाली करकरीतपणा उरता कामा नये, मग कांदा-लिंबू घाला. अंड्याचा बलकही घट्ट होऊ द्या. आणि व्हेचा शेकर घरून भरून नेऊ नका. कोरडी पावडर न्या आणि प्यायच्या वेळीच पाणी घाला. कालवलेली व्हे उन्हाळ्यात बॅगेत दोन-तीन तास राहिली, तर ती ओतून द्या.