आमची वाटचाल : घडीखाली गेलेल्या नोंदी

साताऱ्यात आम्ही झेरॉक्स आणि स्कॅनिंगचे लहानसे दुकान चालवत होतो, तेव्हा जुन्या नोंदवह्यांचे काम आपल्याकडे येईल असे वाटले नव्हते. ते आले ते गाव नमुना नंबर १४ च्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवह्यांच्या रूपाने. गावाकडची माणसे त्यांना कोतवाल बुक म्हणतात, आणि जातीच्या पुराव्यासाठी पणजोबा-खापरपणजोबांची नोंद शोधायची वेळ आली की सर्वांचे पाय तिकडेच वळतात. आमच्याकडे आलेली बहुतेक पाने सुटी झालेली, वर्षानुवर्षे बस्त्यात मुडपून ठेवलेली होती. सगळ्या पानांच्या मधोमध घडीची रेघ होती आणि कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या.

पहिल्याच मोठ्या कामात आमची जी चूक झाली, ती सविस्तर सांगतो, कारण पुढची आमची सारी पद्धत तिच्यातून घडली. त्या वहीच्या प्रत्येक पानावर आडव्या छापील रेघांनी आखलेल्या २४ ओळी होत्या. सॉफ्टवेअर रेघा ओळखून पानाचे चौकोन पाडत असे आणि टंकलेखन लवकर व्हावे म्हणून आम्ही तारखांचा रकाना एकाला, नावांचा दुसऱ्याला देत असू. एका पानाची घडी तेराव्या ओळीतून किंचित तिरकी गेलेली होती. डावीकडे ती ठळक होती, उजवीकडे पुसट होत गेली होती. परिणामी सॉफ्टवेअरने डाव्या रकान्यात घडीलाच छापील रेघ समजून २५ चौकोन पाडले आणि उजव्या रकान्यात २४ च. दोन्ही रकाने क्रमाने जोडल्यावर पहिल्या १३ नोंदी बरोबर राहिल्या, चौदाव्या नावापुढे तेराव्या तारखेचा अर्धा तुकडा आला, आणि पंधराव्यापासून चोविसाव्यापर्यंत प्रत्येक नावाला त्याच्या आधीच्या नोंदीची तारीख चिकटली. शेवटी उरलेली एक तारीख सॉफ्टवेअरने मुकाट्याने टाकून दिली. तपासणीत एका मुलाची जन्मतारीख मूळ पानाशी जुळेना, तेव्हा हा घोळ उघड झाला आणि आम्हाला ते संपूर्ण काम पुन्हा करावे लागले.

तोवर आम्ही घडीकडे दिसण्यातला दोष म्हणून पाहत होतो, म्हणजे सावली काढावी, पान स्वच्छ करावे आणि पुढे जावे. खरा प्रश्न मोजणीचा होता. म्हणून आता अक्षरे वाचण्याआधी ओळी मोजल्या जातात. छापील रेघांमधले अंतर सारखे असते. त्या वहीत ते ८ मिलिमीटर होते, म्हणजे ३०० डीपीआयच्या स्कॅनवर सुमारे ९४ पिक्सेल. एखादी ओळ ४० पिक्सेलची आणि तिच्या शेजारची ५४ ची निघाली, तर मधली रेघ छापील नाही, घडीची आहे, हे लगेच कळते. शिवाय छापील रेघ चौकटीपाशी थांबते, तर घडी समासातून कागदाच्या कडेपर्यंत जाते. प्रत्येक रकान्यातल्या चौकोनांची संख्या सारखी आहे की नाही, ही तपासणी तर कोणत्याही सॉफ्टवेअरला सांगता येते. आम्ही ती सांगितली नव्हती, एवढेच.

उभी घडी अधिक फसवी असते, कारण तिथे पानाचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या कोनांत बसलेले असतात. २०० मिलिमीटर रुंदीचा अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत २ अंशांनी कललेला असेल, तर त्याची बाहेरची कडा जवळजवळ ७ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आखणीत जवळपास एक पूर्ण ओळ. संपूर्ण पान एकदाच सरळ केले, तर एक भाग सरळ होतो आणि दुसरा वाकडाच राहतो. म्हणून आम्ही चित्र घडीवर कापतो, दोन्ही भाग स्वतंत्रपणे सरळ करतो आणि ओळींच्या जोड्या वरच्या चौकटीपासून मोजून लावतो. घडीपाशी कोणती ओळ कोणत्या ओळीला भिडलेली दिसते, यावर विसंबत नाही.

मूळ कागद हाताशी असेल तर बरेच काम स्कॅन करतानाच वाचते. घडीची काळी पट्टी बहुधा शाई नसून उंचवट्याची सावली असते, आणि ती दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते. त्यामुळे एकदा डावीकडच्या आणि एकदा उजवीकडच्या दिव्याने टिपलेली दोन चित्रे जुळवून प्रत्येक ठिकाणचा उजळ पिक्सेल घेतला, की सावली जाते आणि शाई राहते:

```
out = np.maximum(left, right)
```

मात्र दोन चित्रे दोन-तीन पिक्सेलनीही सरकलेली असली, तर बारीक अक्षरे झिजतात, म्हणून घडीपासून दूर असलेल्या एखाद्या अक्षराची जाडी आधीची व नंतरची आम्ही पडताळून पाहतो. कागदाला ओल देऊन किंवा इस्त्री फिरवून घडी मोडण्याचा मोह आम्ही टाळतो. काजळाची शाई ओलीने पसरते आणि जुनी चिकटपट्टी उष्णतेने आणखी मुरते. काच आणि वजन ठेवून पान रात्रभर दाबणे, इतकेच आम्ही करतो.

घडीवरचा फाटलेला भाग आजूबाजूच्या रंगाने भरून देणारी सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. ती आम्ही बंद ठेवली आहे. आमच्याकडे मोडी वाचायला येणारे गुरुजी त्या वेळी म्हणाले होते, "साहेब, ह्यात जे लिहिलेलं नाही तेही आता दिसायला लागलंय." मोडी लिहिणारा आधी संपूर्ण ओळभर रेघ ओढतो आणि मग अक्षरे तिला खालून लटकवतो. घडी त्या रेघेजवळून गेली, तर सॉफ्टवेअर दोन्हींना एकच समजते आणि अक्षराचा माथा स्वतःच्या मनाने पूर्ण करते.

कडांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे अक्षर झाकलेले नसून गेलेले असते. डावी कडा झिजली की अनुक्रमांक जातात, पण ते शेजाऱ्यांवरून काढता येतात. ४१, ४२, मग दोन रिकाम्या ओळी आणि ४५ असेल, तर मधले ४३ व ४४ निश्चित आहेत आणि आम्ही ते चौकटी कंसात लिहितो. खालची कडा गेली असेल, तर पुढच्या पानाचा पहिला अनुक्रमांक पाहतो. मागचे पान ६६ वर संपल्यासारखे दिसते आणि पुढचे ६९ पासून सुरू होते, तेव्हा दोन नोंदी कडेबरोबर गेल्या, हे नोंदवून त्यांच्या जागा रिकाम्या ठेवतो. तारखेबाबत फक्त मर्यादा सांगता येते. आधीची नोंद १४ तारखेची व नंतरची १७ ची असेल, तर मधली बहुधा त्या दरम्यानची असावी, पण उशिरा नोंदवलेले जन्मही असतात, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह येते. नाव आणि जात मात्र शेजारच्या ओळीवरून आम्ही कधीच भरत नाही. ग्राहक कितीही सांगत असला, की भाऊबंदांची नोंद वरच आहे, तरीही नाही. त्या ओळी दोघे जण एकमेकांचे न पाहता वाचतात आणि मतभेद असेल, तर दोन्ही वाचने देतो.

दर ठरवतानाही आता आम्ही वेगळे वागतो. ग्राहक नेहमी मधली, चांगली पाने नमुना म्हणून दाखवतात. आम्ही गठ्ठ्याची वरची पाच आणि खालची पाच पाने मागून घेतो, कारण घासले जाते ते बाहेरचे पान. घडीत किंवा कडेत सापडलेल्या ओळींचा दर पानावर न लावता ओळीवर लावतो. काही ग्राहक यामुळे परत गेले, आणि त्यांपैकी एक जण वर्षभराने तोच गठ्ठा घेऊन पुन्हा आला. तेव्हा बाहेरच्या दोन पानांच्या घडीवरचा कागद पूर्ण सुटला होता, आणि त्या पानांवरची तेरावी ओळ आमच्या तक्त्यात आजही रिकामीच आहे.