आमची वाटचाल : संध्याकाळी लुकलुकणाऱ्या दिव्यांनी शिकवलेलं गणित

आमची सुरुवात इमर्जन्सी दिवे आणि मोटर स्टार्टरच्या दुरुस्तीपासून झाली. दोन टेबलं, एक मल्टिमीटर, मी आणि माझा भागीदार. रस्त्यावरचे दिवे अंधार पडला की आपोआप लागावेत म्हणून एलडीआर, म्हणजे उजेड वाढला की रोध कमी होणारा रेझिस्टर, लावून केलेला कंट्रोलर हे आमचं पहिलं स्वतःचं उत्पादन. सोडियम दिव्यांवर तो बरी दोन वर्षं चालला. मग एका वसाहतीने जुने दिवे काढून एलईडी बसवले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या वायरमनचा फोन आला, "दादा, सगळे खांब लुकलुकतायत. लोक खाली जमलेत."

आम्ही पोचलो तेव्हा दिवे साधारण सेकंदाला एकदा लागत-विझत होते आणि रिले टकटक करत होता. मला वाटलं, ढगांमुळे किंवा गाड्यांच्या हेडलाइटमुळे होत असेल. म्हणून एलडीआरच्या जोडबिंदूवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, म्हणजे पाचेक सेकंदांचा विलंब मिळाला. लुकलुकणं थांबलं नाही, फक्त सावकाश झालं. चूक इथेच कळायला हवी होती. हेडलाइटमुळे होणारी गडबड अनियमित असते आणि हे तर घड्याळासारखं एका तालात चाललं होतं.

शेवटी भागीदाराने खांबावर चढून दिवा आणि एलडीआर यांच्या मध्ये पुठ्ठा धरला. दिवे लागले ते लागलेच राहिले. म्हणजे कंट्रोलर आपल्याच दिव्याचा उजेड बघत होता. अंधार झाला की दिवा लागे, त्याचा उजेड एलडीआरवर पडला की 'दिवस उगवला' असं समजून तो विझे, आणि पुन्हा अंधार. सोडियम दिवा पूर्ण उजळायला काही मिनिटं घेतो. तेवढ्या वेळात आकाश बरंच काळोखतं, त्यामुळे हा दोष आजवर झाकला गेला होता. एलईडी लगेच पूर्ण प्रकाश देतो.

आता आकडे सांगतो, कारण खरी गोष्ट आकड्यांतच आहे. सर्किट १२ व्होल्टचं. वर एलडीआर, खाली २२ किलोओहम, मधला बिंदू व्होल्टेजची तुलना करणाऱ्या एलएम३५८ आयसीच्या वजा टोकाला. अधिक टोकाला १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी बनवलेले ६ व्होल्ट, आणि आउटपुटपासून त्याच टोकाला परत आणलेला १०० किलोओहमचा रेझिस्टर. हिस्टेरेसिस म्हणतात ती याच रेझिस्टरमुळे मिळते. दिवा लागला की तुलनेची पातळी वर सरकते आणि विझण्यासाठी जास्त उजेड लागतो. आमच्या जुन्या बोर्डात पातळी ५.७ वरून ६.२ व्होल्टवर जात होती. ऐकायला अर्धा व्होल्ट ठीक वाटतो. पण एलडीआरच्या भाषेत बदल २४ किलोओहमवरून २०.५ किलोओहम एवढाच होतो, आणि प्रकाशाच्या भाषेत जेमतेम सव्वापट.

उजेड लक्समध्ये मोजणारा लक्समीटर एलडीआरजवळ धरून पाहिलं. दिवा लागायच्या क्षणी आकाशाचे १० लक्स होते, आणि लागल्यावर दिव्याचे ८ मिळून १८ झाले. आमचा कंट्रोलर १३ लक्सलाच विझवत होता. तो लुकलुकणारच! विझण्याची पातळी १८ च्या बरीच वर हवी होती.

तेव्हा परतीचा रेझिस्टर १०० ऐवजी २२ किलोओहमचा केला. पातळी ४.९ आणि ६.८ व्होल्ट झाली, एलडीआरची ३२ आणि १६.६ किलोओहम, म्हणजे प्रकाशात सुमारे अडीचपट अंतर. १० ला लागलेला दिवा २५ ला विझणार. मात्र लागण्याचा बिंदूही सरकतो, म्हणून खालच्या रेझिस्टरऐवजी फिरवून किंमत बदलता येणारा प्रीसेट बसवून तो १० लक्सवर परत आणला. ३३ किलोओहम टाकूनही पाहिलं होतं, पण त्यात विझण्याची पातळी १९ च्या आसपास येत होती. ओला रस्ता एवढी तफावत सहज खाऊन टाकेल, म्हणून मी ते सोडून दिलं. कपॅसिटर मात्र तसाच ठेवला, हेडलाइट आणि विजेच्या चमकेसाठी तो उपयोगी पडतो.

अंतर वाढवलं म्हणून सकाळी वीज वाया जाईल अशी मला भीती होती. पण पहाटे १० वरून २५ लक्स व्हायला आम्हाला पाचेक मिनिटंच लागलेली दिसली. पाचपट अंतर मात्र मी कुणाला सुचवणार नाही. त्यापेक्षा एलडीआरला आकाशाकडे तोंड करून नळीत बसवावं, म्हणजे दिव्याचा उजेडच कमी पोचतो.

हल्ली प्रत्येक बोर्ड काळ्या पेटीत डिमरच्या दिव्याखाली ठेवून लागण्याचं आणि विझण्याचं लक्स आम्ही त्याच्या चिकटपट्टीवर लिहितो. वर्षाने वसाहतीत पुन्हा मोजलं तेव्हा दिवे १० ऐवजी १४ लक्सला लागत होते, कारण एलडीआरवरचं प्लॅस्टिक पिवळं पडून त्यावर धूळ बसली होती. विझणं ३५ ला होतं. दोन्ही आकडे वाढले, तरी त्यांच्यातलं अडीचपटीचं अंतर तसंच होतं. झाकण पुसून आम्ही खाली उतरलो.