शून्य कुठे धरायचे

आज सकाळी जांभळी नाक्यावरून भाजी आणून पिशवी ओट्यावर ठेवली, तर चिरंजीव म्हणाले, "शाब्बास, आई! कोथिंबीरसुद्धा विसरली नाहीस." मी ताडकन म्हटले, "मी बँकेत लाखोंची कर्जे मंजूर केली आहेत, कोथिंबिरीची कसली शाब्बासकी?" त्याचा चेहरा उतरला आणि यांनी नेहमीप्रमाणे त्याला डोळ्यांनी गप्प केले. त्या डोळ्यांच्या खुणेचाही आता राग येतो, पण तो विषय वेगळा.

दिवसभर हेच मनात घोळत आहे, की कौतुक झाल्यावर मला अपमान झाल्यासारखे का वाटते.

खरे तर अपघातात मेंदूला मार बसल्यापासून भाजी आणणे सोपे राहिलेले नाही. थेरपिस्टबाईंनी शिकवल्याप्रमाणे यादी ज्या क्रमाने गाळे लागतात त्याच क्रमाने लिहिलेली असते, फोनवर गजर लावलेला असतो आणि गर्दी व्हायच्या आत जाऊन यायचे असते. एखादी गोष्ट नंतर करायची आहे हे ऐन वेळी, कोणी न सांगता आठवणे, हेच माझ्या मेंदूला सर्वांत कठीण जाते. वाटेत कोणी ओळखीचे भेटले आणि दोन मिनिटे बोलले, की मी बाहेर कशासाठी पडले होते हे पुसून जाते. यादी खिशात असते, पण यादी आहे हेच आठवत नाही. म्हणून ती खिशात न ठेवता हातात धरायची, हा नियम. भाजीवाल्यांचे ओरडणे, रिक्षांचे हॉर्न आणि सुट्ट्या पैशांचा हिशेब हे सगळे सारख्याच जोराने डोक्यात शिरू लागले आणि जबडा आवळला गेला, की थकवा आला असे समजून उरलेली भाजी सोडून परतायचे. ते न ऐकता थांबले, तर घरी आल्यावर कोणावर तरी भडकते. कपाळामागच्या ज्या भागाला मार बसला आहे, तोच भाग रागाला आवर घालतो. माझा राग पटकन ओसरतो आणि पुष्कळदा संध्याकाळपर्यंत मला आठवतही नाही. त्यांना मात्र आठवतो.

मी दवाखान्यात असताना यांनी लिहिलेली वही दुपारी काढून वाचली. आजवर टाळत होते. "आज नळी ओढून काढली. हात बांधावे लागले." "मला काका म्हणाली." "बँकेत उशीर होतो म्हणून पलंगावरून उतरू लागली." अक्षर यांचे आहे, बाई मी आहे, आणि मला त्यातले काहीही आठवत नाही. डोळे उघडे असतात, माणूस बोलतो, पण मेंदू नवे काही साठवतच नाही, असा तो काळ. सलग आठवणी पुन्हा राहू लागेपर्यंत तो किती लांबला हे डॉक्टर मोजतात, कारण पुढे कितपत सुधारणा होईल याचा अंदाज बऱ्याच अंशी त्यावरून येतो. आठवड्याहून जास्त लांबला तर दुखापत गंभीर समजतात. माझा बराच जास्त लांबला.

तेव्हा घोळ लक्षात आला. यांचे आणि मुलाचे मोजमाप त्या पलंगापासून सुरू होते. तिथून पाहिले तर यादी घेऊन मंडईत जाऊन आलेली बाई हा चमत्कारच आहे. मी मात्र त्या पलंगावर कधी नव्हतेच. जुन्या आठवणी शाबूत असल्यामुळे माझे मोजमाप अपघाताच्या आदल्या दिवसापासून सुरू होते, जेव्हा मी मार्चअखेरचे हिशेब मिटवून, कोपरीच्या आत्यांना फोन करून, वर पुरणपोळ्या केल्या होत्या. त्या दिवसापासून मोजले तर कोथिंबीर म्हणजे घसरगुंडीच. दोघांचेही गणित बरोबर आहे, फक्त शून्य वेगवेगळ्या जागी धरले आहे.

हे कळल्यावर रडू यायला हवे होते, आले हसू. कारण कोथिंबिरीला चमत्कार मानणारे माझे यजमानच मी पुन्हा कर्जविभागात बसेन म्हणून माझी बिनपगारी रजा वाढवत बसले आहेत, आणि कौतुकाने चिडणारी मी मनातल्या मनात कधीच ठरवून बसले आहे की ते व्हायचे नाही. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, नंतर ती मंदावते, थांबते असे नाही, हे आम्हां दोघांनाही एकाच खोलीत सांगितले गेले. यांनी "थांबत नाही" तेवढे ऐकले आणि मी "मंदावते" तेवढे.

संध्याकाळी यांना म्हटले, ग्राहक समोर नसलेले, दुपारच्या आत संपणारे टेबलाचे काम मिळते का, हे बँकेला विचारू. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आधी न्यूरोसायकॉलॉजिस्टची चाचणी पुन्हा होऊ दे, लक्ष आणि स्मरण यांचे आकडे हातात येऊ देत, मग अर्ज लिहू. हे मला मान्य आहे. चिरंजीवांशीही तह झाला आहे: भाजीला शाब्बासकी नाही, मंडईतून परतल्यावर मी कोणावर ओरडले नाही, तर मात्र द्यावी, कारण ते काम खरोखरच अवघड आहे.